हंगामाप्रमाणे हप्ता: अडचणीतल्या दुकानदाराने बँकेला लिहायचे पत्र आणि त्यामागचा रोकडीचा तक्ता

गोव्याच्या किनारपट्टीवरच्या दुकानाला वर्षातून दोन वेगळे धंदे करावे लागतात. डिसेंबर ते मे गेस्ट हाऊस, शॅक आणि भाड्याच्या खोल्यांतली माणसे माल उचलतात. मे सरता सरता शॅक मोडले जातात, जूनला पाऊस धरतो आणि दुकान पुन्हा गावच्या गिऱ्हाइकावर येते. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच असतो. कर्ज मंजूर होताना वर्षाची सरासरी पाहिलेली असते, आणि धंदा थोडा जरी घसरला तरी ती सरासरी पावसाळ्यात उपयोगी पडत नाही.

अशा वेळी बँकेकडे परतफेडीची पुनर्रचना मागता येते. बहुतेक पत्रे फसतात ती एकाच कारणाने. दुकानदार आधी मनाशी आकडा ठरवतो, ‘हप्ता निम्मा करा’ असे लिहितो आणि मग त्याला साजेसे कागद जोडतो. व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न असतो, निम्माच का? त्याचे उत्तर पत्रात नसते. म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करायचे. आधी महिन्यामहिन्याचा रोकडीचा तक्ता, त्यातून सर्वांत कोरडा महिना, त्यावरून झेपणारा हप्ता, आणि शेवटी पत्र.

इथे एक नमुना दुकान घेऊ. पेडणे तालुक्यात मांद्रेला किराणा आणि गोठवलेल्या मालाचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी शीतपेट्या आणि दुरुस्तीसाठी १५ लाखांचे मुदत कर्ज घेतले, पाच वर्षांसाठी, ११ टक्के दराने. हप्ता ३२,६१४ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. चोवीस हप्ते भरून झाले, ९,९६,००० रुपये मुद्दल बाकी आहे आणि छत्तीस हप्ते उरले आहेत. शिवाय ८ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, त्यातले ६ लाख उचललेले आहेत. एप्रिलचा हप्ता १२ दिवस आणि मेचा १९ दिवस उशिरा गेला. पत्र लिहायची वेळ ती हीच.

उशीर मोजायचा कसा

हप्ता चुकला की बँकेची संगणक प्रणाली रोज दिवसअखेर दिवस मोजते. ३० दिवसांपर्यंत थकले तर खाते एसएमए-० या इशाऱ्याच्या गटात, ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० दिवस एसएमए-२, आणि ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज. एनपीए झाल्यावर एखाद-दुसरा हप्ता भरून खाते सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून पत्र शक्यतो एसएमए-० असतानाच द्यावे. तेव्हा व्यवस्थापकाच्या हातात पर्याय असतात. एसएमए-२ मध्ये दिलेले पत्र वसुली टाळायची धडपड म्हणून वाचले जाते.

कॅश क्रेडिटची मोजणी वेगळी आहे. उचल मर्यादेपेक्षा किंवा आहरण क्षमतेपेक्षा, म्हणजे हातातल्या मालावर आणि उधारीवर जेवढे उचलता येते त्यापेक्षा, सलग ९० दिवस जास्त राहिली, किंवा लागलेले व्याज फेडण्याएवढाही भरणा खात्यात झाला नाही, तरी ते खाते बिघडते. आणि एकाच कर्जदाराचे एक खाते एनपीए झाले की त्या बँकेतली त्याची बाकीची खातीही त्याच वर्गात जातात.

तक्ता: विक्री नव्हे, हातात आलेला पैसा

मागच्या बारा महिन्यांचे बँक विवरण, जीएसटीची ३बी विवरणे आणि उधारीची वही समोर घ्या. ‘आलेले पैसे’ या रकान्यात प्रत्यक्ष वसूल होणारी रक्कमच लिहा. गेस्ट हाऊसला डिसेंबरात दिलेल्या मालाचे पैसे जानेवारीत आले, तर ते जानेवारीत. पुरवठादाराला पैसे ज्या महिन्यात जातात त्या महिन्यात खर्च. ९० दिवसांहून जुनी उधारी तक्त्यात धरूच नका. नमुना दुकानात अशी १,१०,००० रुपयांची उधारी आहे, कारण दोन गेस्ट हाऊस हंगामाच्या मध्येच बंद पडली. ती आली तर आली. तिच्यावर हप्ता टांगायचा नाही.

खर्च नेहमीच्या महिन्याला एक लाख येतो: भाडे १८,०००, दोन कामगार आणि एक हंगामी पोरगा मिळून ३२,०००, वीज ९,०००, टेंपो ७,०००, घरखर्चाची उचल २५,०००, कॅश क्रेडिटचे व्याज ५,५०० आणि किरकोळ ३,५००. जून ते सप्टेंबर तो ८२,००० वर आणायचा आहे. हंगामी पोरगा नाही (७,०००), एक शीतपेटी बंद (३,०००), टेंपोच्या फेऱ्या कमी (३,०००), घरची उचल ५,००० ने कमी. घरखर्च तक्त्यात दाखवाच. तो लपवला तर तक्ता सुंदर दिसतो, पण दुकानदार वर्षभर हवा खाऊन जगणार नाही हे बँकेलाही कळते.

खालचे आकडे हजार रुपयांत आहेत. सुरुवातीची शिल्लक ८० हजार आहे: गल्ला आणि खात्यातले २० हजार, आणि घरातली मुदत ठेव मोडून आणलेले ६० हजार. कॅश क्रेडिटची उचल वर्षभर ६ लाखांवरच धरली आहे.

| महिना | आलेले पैसे | पुरवठादारांना | खर्च व व्याज | उरले | मुदत कर्जाला | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|---|
| जून | ५८० | ४७० | ८२ | २८ | ९.१ | ९८.९ |
| जुलै | ५०० | ४४० | ८२ | −२२ | ९.१ | ६७.७ |
| ऑगस्ट | ६२० | ५३५ | ८२ | ३ | ९.१ | ६१.६ |
| सप्टेंबर | ७१० | ६०५ | ८२ | २३ | ९.१ | ७५.५ |
| ऑक्टोबर | ७२० | ६४० | १०० | −२० | ९.१ | ४६.३ |
| नोव्हेंबर | ८५० | ७६० | १०० | −१० | ९.१ | २७.२ |
| डिसेंबर | १,१२० | ९६० | १०० | ६० | ४० | ४७.२ |
| जानेवारी | १,१८० | १,००० | १०० | ८० | ४० | ८७.२ |
| फेब्रुवारी | १,०९० | ९१० | १०० | ८० | ४० | १२७.२ |
| मार्च | ९८० | ८३० | १०० | ५० | ४० | १३७.२ |
| एप्रिल | ८९० | ७७० | १०० | २० | ४० | ११७.२ |
| मे | ९३० | ७९० | १०० | ४० | ४० | ११७.२ |

तक्ता वाचताना ‘शिल्लक’ या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवा. बहुतेकांना जुलै हा सर्वांत वाईट महिना वाटतो. जूनमध्ये मेची उधारी वसूल झाल्याने थोडा हात मिळतो, जुलै कोरडा जातो, चवथीच्या खरेदीने ऑगस्ट-सप्टेंबर सावरतात. खरा तळ नोव्हेंबरात लागतो, कारण हंगामाचा माल भरायला पैसे आधी जातात आणि गेस्ट हाऊसकडून ते डिसेंबरनंतर परत येतात. तीन महिन्यांची सवलत मागणारे पत्र इथेच चुकते. जून-जुलै-ऑगस्ट सवलत मिळाली आणि सप्टेंबरला पूर्ण हप्ता सुरू झाला, तर दुकान ऐन माल भरायच्या वेळी अडकेल.

जुन्या हप्त्याने काय होईल तेही मोजून दाखवा. पहिल्या सहा महिन्यांत मुदत कर्ज सोडून बाकी सगळी देणी भागवून धंद्यातून जेमतेम २,००० रुपये उरतात. ८० हजारांची शिल्लक धरली तरी ३२,६१४ चे सहा हप्ते भरताना नोव्हेंबरअखेर १,१३,७०० रुपये कमी पडतात. जून, जुलैचे हप्ते जातील, ऑगस्टचा सप्टेंबरात उशिरा पुरा होईल, ५ सप्टेंबरचा अर्धाही पुरा होणार नाही, आणि त्याचे ९० दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतील. म्हणजे पैसा येऊ लागतानाच खाते एनपीए होणार. हे एक वाक्य पत्रात असेल तर व्यवस्थापकाला वरिष्ठांपुढे वेगळे काही पटवावे लागत नाही.

हप्ता ठरवणे

वर्षभरात दुकानाकडे ३,३२,००० रुपये उरतात आणि जुन्या हप्त्यांना ३,९१,३६८ लागतात. म्हणजे नुसते हप्ते पुढे-मागे करून भागणार नाही, मुदतही वाढवावी लागेल. मागणी अशी बसते: जून ते नोव्हेंबर फक्त व्याज (पहिल्या वर्षी महिना ९,१३२ रुपये), डिसेंबर ते मे महिना ४०,००० रुपये. वर्षाला २,९४,८०० रुपये जातात आणि ३७,२०० हाताशी राहतात.

हे कर्ज फिटते का, हे बँक विचारणारच, तेव्हा आधीच सांगा. ११ टक्के दर धरला तर वर्षअखेरची बाकी अनुक्रमे ८.०७ लाख, ६.०७ लाख, ३.९५ लाख आणि १.७२ लाख राहते. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये सुमारे १६,००० रुपयांचा शेवटचा हप्ता जाऊन खाते बंद होते. छत्तीसऐवजी एकोणसाठ महिने लागतात आणि व्याज सुमारे सव्वा लाखाने जास्त जाते. ही या सवलतीची किंमत आहे. ती मागणाऱ्याने आधी घरात बसून पाहावी आणि मग मान्य करावी. ज्या वर्षी हंगाम चांगला जाईल त्या वर्षी जादा भरून ती कमी करता येते, म्हणून मुदतपूर्व भरण्यावर शुल्क नसावे हेही मागा.

बँक याच आकड्यांतून परतफेडीचे गुणोत्तर काढते, त्याला ते डीएससीआर म्हणतात. त्यांची रीत थोडी निराळी असते, पण रोकडीच्या हिशेबाने आपले गुणोत्तर सध्या ०.८५ आहे. नव्या मांडणीत पहिल्या वर्षी १.१३ आणि बाकी कमी होत गेल्याने तिसऱ्या वर्षी १.२१ होते. पहिले वर्ष तंग आहे, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच घरातून आणलेल्या ६० हजारांना वजन आहे. ते नसते तर नोव्हेंबरचा तळ शून्याखाली गेला असता. मालकाने स्वतःचे काही घातले आहे का, हे पुनर्रचनेच्या प्रत्येक प्रस्तावात पाहिले जाते.

मग एक कसोटी लावा. वसुली आणि खरेदी दोन्ही ५ टक्क्यांनी घटली आणि खर्च तेवढाच राहिला, तर नोव्हेंबरअखेर शिल्लक जेमतेम ७०० रुपये राहते. म्हणजे ही मांडणी ५ टक्के घट सोसते, १० टक्के सोसत नाही. ते पत्रात लिहायला घाबरू नका. सगळे सुरळीत होईल असे सांगणाऱ्या तक्त्यापेक्षा कुठे मोडेल ते सांगणारा तक्ता बँकेला खरा वाटतो.

कॅश क्रेडिटचे उरलेले २ लाख उचलून हप्ते का भरत नाही, असाही प्रश्न येईल. कारण आहरण क्षमता. ऑगस्टात माल ८ लाखांचा, ९० दिवसांच्या आतली उधारी दीड लाख आणि पुरवठादारांचे देणे १,२०,००० धरले, तर ८,३०,००० उरतात. त्यातून २५ टक्के मार्जिन वजा जाता क्षमता ६,२२,५०० येते. (मार्जिन आणि उधारीची अट प्रत्येक मंजुरीपत्रात वेगळी असते, आपली वाचून घ्या.) मर्यादा ८ लाख असली तरी पावसाळ्यात ६ लाखांच्या वर फारशी जागा नाही. आणि खेळत्या भांडवलातून मुदत कर्जाचा हप्ता भरणे म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणणे. विवरणात ते लगेच दिसते.

नियम आणि त्यांची मर्यादा

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची एक चौकट केंद्राने २९ मे २०१५ रोजी अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ रोजी व्यापारी बँकांना लागू केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती आहे. उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो. एकूण कर्ज १० लाखांपर्यंत असेल तर निर्णय शाखेच्या पातळीवर होतो. त्याहून जास्त असेल तर प्रकरण बँकेच्या समितीपुढे जाते, आणि अर्ज मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत समितीची बैठक बोलावणे अपेक्षित आहे. आपल्या दुकानाचे मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट मिळून १० लाखांच्या पुढे जाते, म्हणजे समिती. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले, पण आपण या गटात आहोत हे कागदपत्रांसह वेळेत, खाते एनपीए होण्याआधी, उद्योजकाने स्वतः दाखवायला हवे असेही म्हटले.

दुकानदाराला इथे एक अडसर आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून सूक्ष्म-लघु उद्योगांची उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवला आहे. म्हणून चौकट हक्काची असल्यासारखे पत्र लिहू नका. ‘या चौकटीखाली, आणि ती लागू नसल्यास बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या पुनर्रचना धोरणाखाली विचार व्हावा’ असे लिहा. मग एक दार बंद झाले तरी अर्ज परत येत नाही. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर त्या संस्थेच्या धोरणाचाच हवाला द्या.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत हवी. कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी सैल केल्या की नियमाने ती पुनर्रचना होते, आणि साधारणपणे सुरळीत खातेही त्यामुळे खालच्या वर्गात जाते. पतअहवालात तशी नोंद येते. व्यवस्थापक हात आखडता घेतो तो यामुळे. वर्ग पुन्हा सुधारायला, सर्वांत लांब सवलत असलेल्या कर्जाचे पहिले व्याज किंवा मुद्दल, यांपैकी जे नंतर सुरू होईल तिथून किमान एक वर्ष नियमित परतफेड लागते. म्हणून मुद्दलाची सवलत गरजेपेक्षा एक महिनाही जास्त मागू नये. या काळात नवे कर्ज मिळणे अवघड जाईल. तरीही डिसेंबरात थकून एनपीए होण्यापेक्षा हे बरे, कारण तिथे कराराने ठरलेला हप्ता नसतो, वसुलीची नोटीस असते.

पत्र

पत्र दीड पानांपलीकडे जाऊ देऊ नका. मराठीत द्यायला हरकत नाही, पण प्रस्ताव शाखेतून बाहेरच्या प्रक्रिया केंद्रात जातो, तेव्हा इंग्रजी प्रत सोबत जोडा. नमुना असा:

> दिनांक २५ मे
>
> मा. शाखा व्यवस्थापक, ________ बँक, ________ शाखा
>
> विषय: मुदत कर्ज खाते क्र. ________ च्या हप्त्यांची हंगामानुसार पुनर्रचना करण्याबाबत
>
> महोदय,
>
> मांद्रे येथील आमच्या ________ या दुकानाची वरील मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट (क्र. ________) ही दोन खाती आपल्या शाखेत आहेत. मुदत कर्जाचे चोवीस हप्ते भरले असून आज ९,९६,००० रुपये मुद्दल बाकी आहे. एप्रिलचा हप्ता १२ दिवस व मेचा १९ दिवस उशिरा भरला. आज कोणताही हप्ता थकलेला नाही. उद्यम नोंदणी क्र. ________.
>
> उशिराची कारणे दोन. नियमित माल घेणारी दोन गेस्ट हाऊस या हंगामात बंद पडली व त्यांच्याकडे १,१०,००० रुपये अडकले. हंगामाची विक्री घटल्याने पावसाळ्यासाठी राखायची शिल्लक उरली नाही.
>
> सोबतच्या बारा महिन्यांच्या तक्त्याप्रमाणे वर्षात ३,३२,००० रुपये परतफेडीस उपलब्ध होतात, पण जून ते नोव्हेंबर मिळून फक्त २,००० रुपये उरतात. सध्याचा ३२,६१४ रुपयांचा हप्ता चालू राहिल्यास ५ सप्टेंबरचा हप्ता पूर्ण भरता येणार नाही आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाते ९० दिवस थकीत होईल.
>
> म्हणून विनंती आहे की, (१) दरवर्षी जून ते नोव्हेंबर केवळ मासिक व्याज घ्यावे. (२) डिसेंबर ते मे दरमहा ४०,००० रुपये हप्ता ठेवावा. (३) मुदत आजपासून ५९ महिने करावी. (४) मुदतपूर्व भरण्यावर शुल्क नसावे. कॅश क्रेडिट मर्यादेत वाढ मागत नाही. व्याजदरात सूटही मागत नाही.
>
> आमच्या बाजूने ६०,००० रुपये घरच्या ठेवीतून दुकानात आणले आहेत. पावसाळ्यातील खर्च दरमहा १८,००० रुपयांनी कमी केला आहे. गेस्ट हाऊसची उधारी ३० दिवसांवर आणली असून थकबाकीदारास पुढील माल बंद आहे. दुकानाचा सर्व भरणा आपल्याच शाखेतील खात्यात होईल. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत माल-उधारीचे विवरण आणि तक्त्याशी तुलना करणारा प्रत्यक्ष हिशेब देऊ.
>
> वसुली तक्त्यापेक्षा सलग दोन महिने ५ टक्क्यांहून कमी झाल्यास हप्त्याची तारीख येण्याआधी आपणास लेखी कळवू.
>
> सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पुनरुज्जीवनाच्या चौकटीखाली, आणि ती लागू नसल्यास आपल्या बँकेच्या पुनर्रचना धोरणाखाली, या अर्जाचा विचार व्हावा व निर्णय लेखी कळवावा. जामीनदारांची संमती सोबत जोडली आहे.
>
> आपला/आपली,
> (सही, शिक्का, फोन)

व्याजदरात सूट का मागितली नाही? कारण बँकेला मुद्दल आणि ठरलेले व्याज दोन्ही मिळणार आहेत, फक्त उशिरा, हे पत्राचे बळ आहे. सवलतींची यादी लांबली की प्रस्ताव वरच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तिथे अडकतो.

जामीनदाराची संमती ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारापुरती त्याची जबाबदारी संपते. म्हणून बँक त्याच्या सहीशिवाय पुढे जाणारच नाही. मेहुणा मुंबईला असेल तर आत्ताच बोलावून ठेवा.

जोडायचे कागद, आणि व्यवस्थापक काय ताडून पाहतो

तक्ता, मालाचे आणि उधारीचे ताजे विवरण (उधारी ३०, ६०, ९० दिवसांच्या गटांत), बारा महिन्यांची ३बी विवरणे, दोन वर्षांची आयकर विवरणे, उद्यम प्रमाणपत्र, ठेव मोडल्याची पावती आणि जामीनदाराचे पत्र एवढे पुरते.

हे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. तक्त्यात वर्षाची वसुली १,०१,७०,००० आहे. ३बी मधली उलाढाल ८५ लाखांची निघाली तर प्रस्ताव तिथेच थांबतो. दुसरी चूक आजकाल फार दिसते. गल्ल्यावरचा क्यूआर कोड दुसऱ्याच बँकेतल्या खात्याला जोडलेला असतो, मग कर्जाच्या बँकेला विवरणात निम्मीच विक्री दिसते. पत्र देण्याआधी कोड बदलून घ्या, आणि मागच्या वर्षासाठी त्या दुसऱ्या खात्याचे विवरण स्वतःहून जोडा. तिसरे, मालाचे विवरण दरमहा तोच आकडा उतरवून दिलेले असेल तर पाहणीला आलेला अधिकारी पाच मिनिटांत ओळखतो. खरा आकडा कमी असेल तर तोच द्या, भले आहरण क्षमता घटो.

पत्र दिल्यानंतर

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच शिक्का घ्या, आणि तेच ई-मेलनेही पाठवा. निर्णय येईपर्यंत जुना हप्ता देय असतो, अर्ज दिल्याने दिवस मोजणे थांबत नाही. जूनचा हप्ता सुरुवातीच्या ८० हजारांतून पूर्ण भरता येतो, तो भरा. मंजुरीला उशीर झाला तर शिल्लक किती घटते ते दर महिन्याला पाहत राहा. जुलैचा पूर्ण भरला तर हाती जेमतेम २१,००० उरतील, तेव्हा ५ जुलैच्या आत व्यवस्थापकाला भेटून निर्णय कुठे आहे ते विचारायलाच हवे.

३० दिवसांत उत्तर आले नाही तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथेही ३० दिवस गेले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. सवलत द्यावी की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. उत्तरच न देणे ही सेवेतली कमतरता म्हणून मांडता येते.

मंजुरीपत्र आले की सही करण्याआधी तीन ओळी शोधा: सवलतीच्या महिन्यांत व्याज दरमहा घेणार की मुद्दलात मिळवणार, पाचही वर्षे जून-नोव्हेंबर ही रचना लिहिली आहे की फक्त पहिल्या वर्षी, आणि हप्ता चुकल्यास सवलत आपोआप रद्द होते का. दुसरी ओळ सर्वांत जास्त वेळा सुटते. पत्रात ‘दरवर्षी’ लिहिलेले असते, मंजुरीत ‘सहा महिने’ एवढेच येते, आणि पुढच्या जूनला पुन्हा हेच पत्र लिहावे लागते.

सही झाल्यावर खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याचा जुना आदेश रद्द करून नवा द्या. प्रणालीत जुनाच ३२,६१४ चा आदेश राहिला, तर ५ तारखेला तो खात्यावर आदळतो, परत जातो, शुल्क लागते आणि पुनर्रचनेच्या पहिल्याच महिन्यात खात्यावर डाग पडतो. पहिल्या व्याजाच्या तारखेआधी शाखेत जाऊन नव्या हप्त्यांचे छापील वेळापत्रक घ्या, आणि त्यातला डिसेंबरचा आकडा ४०,००० आहे ना, हे पाहा.